घरातल्या जिन्याचं माप: पायरीची उंची, पायरीची रुंदी आणि डोक्यावरची जागा कशी ठरवायची

आमच्या जुन्या घराच्या जिन्यात सगळ्यात खालची पायरी बाकीच्यांपेक्षा बुटकी होती. दिसायला काहीच कळायचं नाही. पण धुतलेल्या कपड्यांची बादली घेऊन उतरताना आईचा पाय शेवटी दरवेळी जमिनीवर आदळायचा, आणि ती म्हणायची, "इथे जमीन लवकर येते." वर्षानुवर्षं आम्ही ते तसंच चालवून घेतलं. पुढे मी बांधकामाच्या कामात पडलो आणि एके दिवशी टेप घेऊन सगळ्या पायऱ्या मोजल्या. बाकीच्या पावणेसात इंच, खालची सव्वापाच. जिना आधी ओतला होता आणि खालची फरशी नंतर मसाल्याच्या जाड थरावर, म्हणजे बेडवर, बसवली होती. ती जमीन खरंच लवकर येत होती.

तेव्हापासून कोणीही जिन्याचं माप विचारलं की मी आधी पायरीची उंची सांगत नाही. आधी विचारतो, "खालची फरशी किती जाड, वरची किती जाड, आणि पायरीवर काय बसवणार?" पुस्तकातलं माप सगळ्यांना मिळतं. ते जागेवर उतरवताना गणित कुठे चुकतं हे मात्र फार थोडे जण सांगतात. घर बांधणाऱ्या किंवा नूतनीकरण करणाऱ्या नवख्या माणसाला स्वतः पडताळता येईल अशा पद्धतीने मी ते इथे मांडतो. उदाहरण एकच घेतो आणि शेवटपर्यंत तेच चालवतो.

आधी दोन शब्द नीट समजून घ्या

पायरीची उभी बाजू म्हणजे रायझर आणि पाय ठेवायची आडवी बाजू म्हणजे ट्रेड. रायझर मोजायचा तो एका पायरीच्या तयार पृष्ठभागापासून पुढच्या पायरीच्या तयार पृष्ठभागापर्यंत. ट्रेड मोजायचा तो एका पायरीच्या पुढच्या कडेपासून वरच्या पायरीच्या पुढच्या कडेपर्यंत, आडव्या रेषेत.

ट्रेडच्या बाबतीत इथेच पहिली फसगत होते. पायरीचा दगड रायझरच्या पुढे वीस-पंचवीस मिलिमीटर काढतात, त्याला नोजिंग म्हणतात. ते धरून दगडाची रुंदी 300 भरते आणि मिस्त्री म्हणतो, "घ्या, एक फुटाची पायरी दिली." पण त्या दगडाचा मागचा भाग वरच्या पायरीच्या नोजिंगखाली गेलेला असतो. कडेपासून कडेपर्यंत टेप लावला की 275 निघतात, आणि उतरताना तुमच्या पायाला तेवढेच मिळतात. नोजिंगमुळे चढताना बोटांना थोडी मोकळीक मिळते हे खरं, पण जिन्याची लांबी त्याने वाढत नाही.

आरामशीर माप कुठून येतं

सतराव्या शतकात फ्रान्सच्या फ्रांस्वा ब्लाँदेल या वास्तुविशारदाने एक साधी गोष्ट मांडली. सपाट जमिनीवर माणसाचं पाऊल ठरावीक लांबीचं पडतं, आणि वर चढताना एक इंच उचलायला पुढे जाण्याच्या दोन इंचांएवढे कष्ट पडतात. म्हणून दोन रायझर आणि एक ट्रेड यांची बेरीज माणसाच्या एका पावलाएवढी यायला हवी. आजही जवळजवळ सगळे याच सूत्राने सुरुवात करतात:

```
2 × R + T = 600 ते 640 मिमी
```

यात R म्हणजे रायझर आणि T म्हणजे ट्रेड. बेरीज 600 च्या फार खाली गेली तर पायऱ्या तुटक वाटतात आणि माणूस चालता चालता दोन पायऱ्या एकदम घ्यायला लागतो. 650 च्या वर गेली की दर पायरीला पाय ताणावा लागतो.

सूत्र एकटं पुरत नाही. रायझर 200 आणि ट्रेड 220 घेतला तरी बेरीज 620 येते, म्हणजे सूत्रात अगदी चपखल. पण तो जिना जवळजवळ शिडीसारखा असतो. म्हणून सूत्राच्या जोडीला मी घरासाठी दोन मर्यादा धरतो. रायझर 160 ते 175 च्या दरम्यान, आणि ट्रेड 270 च्या खाली नको, जमल्यास 280 ते 300. कारण उतरताना कळतं. मोठ्या माणसाचं चपलेसकट पाऊल साधारण 270 ते 290 भरतं. ट्रेड 230 असेल तर टाच मागे टेकल्यावर पावलाचा पुढचा भाग हवेत राहतो आणि माणूस नकळत पाय तिरका टाकून उतरायला लागतो. एखाद्या जिन्यावरून घरातली मंडळी कडेला वळून उतरताना दिसली, तर टेप न लावताही समजा की ट्रेड कमी आहे.

नियमांतली मापं वेगळी असतात, आणि ती वाचताना एक गोष्ट लक्षात ठेवा. भारताची राष्ट्रीय बांधकाम संहिता घरासाठी रायझर जास्तीत जास्त 190 आणि ट्रेड कमीत कमी 250 सांगते. अमेरिकेतल्या घरांच्या संहितेत हेच आकडे साधारण 196 आणि 254 आहेत. ब्रिटनमध्ये घरातल्या जिन्याला रायझर 220 पर्यंत चालतो. हे सगळे आकडे शेवटच्या मर्यादा आहेत, त्यापलीकडे जायचं नाही एवढंच ते सांगतात. आराम त्यांच्या बराच अलीकडे असतो. तुमच्या भागात जो नियम लागू असेल तो पाळायचाच, पण त्याचा टोकाचा आकडा नकाशात उतरवू नका.

पहिलं काम: तयार फरशीपासून तयार फरशीपर्यंतची उंची

आता उदाहरण घेऊ. तळमजल्याच्या कच्च्या काँक्रीटपासून वरच्या स्लॅबच्या माथ्यापर्यंतची उंची 3050 मिलिमीटर आहे. नवखा माणूस इथूनच भागाकाराला बसतो. थांबा.

खाली बेड आणि फरशी मिळून 75 मिलिमीटर येणार आहे. वर बेड पातळ आहे, फरशीसकट 50. म्हणजे खालची जमीन 75 ने वर येईल, वरची 50 ने वर जाईल, आणि दोन्हींमधलं खरं अंतर उरेल:

```
3050 − 75 + 50 = 3025 मिमी
```

जिना चढायचा आहे तो 3025 चा. हा आकडा हातात येईपर्यंत पायऱ्या किती हा प्रश्नच काढू नका. फरशी ठरलेली नसेल तर आधी निदान तिची जाडी ठरवा. रंग नंतर निवडला तरी चालेल.

पायऱ्या किती घ्यायच्या

3025 ला 16 ने भागलं तर रायझर 189 येतो. 17 ने 178, 18 ने 168 आणि 19 ने 159. यातला कोणता घ्यायचा हे जागेवर ठरतं, म्हणून जागा पाहू.

जिन्यासाठी आतून 3300 लांब आणि 2000 रुंद अशी जागा सोडली आहे. जिना अर्ध्यातून वळून परत येणारा आहे, ज्याला कामावर डॉगलेग म्हणतात. दोन बाजूंना पायऱ्यांच्या दोन सलग ओळी म्हणजे दोन फ्लाइट, मध्ये थोडी फट, आणि टोकाला वळायची सपाट जागा म्हणजे मधलं लँडिंग. रुंदीचा प्रश्न लगेच सुटतो: 950 च्या दोन फ्लाइट आणि 100 ची फट. लांबीत दोन्ही भिंतींचा गिलावा गेला की साधारण 3270 उरतात. लँडिंग 1000 धरलं तर पायऱ्यांना 2270 मिळतात.

इथे एक मोजणी नवख्याला हमखास चकवते. फ्लाइटमध्ये जितके रायझर, त्यापेक्षा ट्रेड एकाने कमी असतात. शेवटचा रायझर चढला की तुम्ही ट्रेडवर पाय ठेवत नाही, थेट लँडिंगवर किंवा मजल्यावर येता. म्हणून 9 रायझरच्या फ्लाइटला 8 ट्रेड.

18 रायझर घेतले तर दोन्ही बाजूंना 9 आणि 9. आठ ट्रेड 280 चे म्हणजे 2240, आणि आपल्याकडे 2270 आहेत. बसले. सूत्रात घालून पाहू: 168 दुणे 336, अधिक 280, बेरीज 616. उत्तम. चढण साधारण 31 अंशांची येते.

17 रायझर घेऊन एक पायरी वाचवू का, असं बरेच जण विचारतात. इथे त्याने काहीच वाचत नाही. 17 चे तुकडे 9 आणि 8 होतात, आणि लांब फ्लाइटला तरीही आठ ट्रेड लागतात. जागा तेवढीच जाते आणि रायझर मात्र दहा मिलिमीटरने वाढतो. 16 घेतले तर 8 आणि 8, सात-सात ट्रेड, आणि लांबीत खरोखर 280 वाचतात. पण रायझर 189 होतो आणि सूत्राची बेरीज 658. जागा खरंच नसेल तरच तिकडे जायचं. आपल्याकडे जागा आहे, म्हणून 18.

डोक्यावरची जागा: इथे बीम बोलतो

हेडरूम म्हणजे पायऱ्यांच्या पुढच्या कडांना जोडणाऱ्या तिरक्या रेषेपासून सरळ वर, पहिला अडथळा येईपर्यंतचं अंतर. अडथळा म्हणजे स्लॅबचा किंवा बीमचा तळ, फॉल्स सीलिंग असेल तर त्याचा तळ. ब्रिटनचा नियम 2000 मागतो, अमेरिकेतला साधारण 2030, भारतीय संहितेत 2200 चा आकडा आहे. तुमच्याकडचा नियम कमी मागत असला तरी घरासाठी 2100 च्या खाली जाऊ नका. सहा फुटी माणूस चप्पल घालून 1850 पर्यंत जातो, पाय उचलताना अंग आणखी थोडं वर जातं, आणि उतरताना नजर पायाकडे असल्यामुळे समोरून येणारा बीम दिसत नाही.

आपल्या उदाहरणात वरच्या मजल्याचं लँडिंग जिथे संपतं त्या कडेला एक बीम आहे, स्लॅबसकट 450 खोल. वरची तयार फरशी 3025 वर, त्यातून फरशीचे 50, बीमचे 450 आणि गिलाव्याचे 12 ते 15 वजा केले की बीमचा तळ खालच्या तयार फरशीपासून 2510 वर येतो.

आता पाहा. फ्लाइट 9 आणि 9 च्या असल्या की वरच्या लँडिंगची कड बरोबर पहिल्या पायरीच्या कडेवर येते. पहिली पायरी 168 वर आहे. 2510 वजा 168, हेडरूम 2342. काही प्रश्न नाही.

पण काम सुरू असताना घरातलं कोणीतरी म्हणतं, "मधल्या लँडिंगखाली छोटं बाथरूम निघेल का? खालची फ्लाइट जरा लांब करा, लँडिंग वर जाईल." ऐकायला सोपं वाटतं. हिशेब करून पाहू.

9 रायझरवर लँडिंग 1512 वर येतं. त्यातून फिनिशचे 40, स्लॅबचे 150 आणि गिलावा गेला की खाली 1310 उरतात. तिथे सामान ठेवता येईल, उभं राहता येणार नाही. खालची फ्लाइट 12 रायझरची केली, वरची 6 ची, तर लँडिंग 2016 वर जाईल आणि खाली 1814 मिळतील. एवढं करूनही उंच माणसाला वाकावंच लागेल. आणि त्यासाठी काय मोजलं? खालच्या फ्लाइटला आता अकरा ट्रेड लागतात, म्हणजे 3080, आणि ती आपल्या जागेबाहेर 800 पेक्षा जास्त निघते. त्याहून वाईट म्हणजे वरची फ्लाइट आखूड झाल्यामुळे वरच्या लँडिंगची कड पुढे सरकते आणि खालच्या फ्लाइटच्या सातव्या पायरीवर येते. सातवी पायरी 1176 वर. 2510 वजा 1176 म्हणजे 1334. वर जाणाऱ्याच्या छातीत बीम येईल.

बारा-सहा हे टोक झालं. फसवणारी वाटणी 10 आणि 8 ची असते. तिथे कड तिसऱ्या पायरीवर येते, 504 वर, आणि हेडरूम उरते 2006. नकाशावर ते खपून जातं. राहायला गेल्यावर घरातला सगळ्यात उंच माणूस दर वेळी मान खाली घालून जातो, आणि पाहुणा डोकं आपटतो.

यावरून स्वतः वापरायचा नियम असा निघतो. बीमच्या तळाच्या उंचीतून 2100 वजा करा आणि येणाऱ्या आकड्याला रायझरने भागा. आपल्याकडे 2510 वजा 2100 म्हणजे 410, त्याला 168 ने भागलं की दोन पूर्ण आणि थोडं उरतं. म्हणजे वरच्या मजल्याची कड दुसऱ्या पायरीच्या पुढे जाता कामा नये. त्याच जागी बीम नसून फक्त 125 चा स्लॅब असता, तर तळ 2838 च्या आसपास आला असता आणि कड चौथ्या पायरीपर्यंत चालली असती. एका बीमने दोन पायऱ्या खाल्ल्या. म्हणून स्ट्रक्चरल इंजिनिअरला सेंट्रिंग लागायच्या आधी विचारा की या कडेचा बीम उलटा, म्हणजे स्लॅबच्या वरच्या बाजूला, घेता येईल का, किंवा मागे सरकवता येईल का. स्लॅब झाल्यावर बीमला छिन्नी लावून हेडरूम काढायचा विचारही करू नका.

फॉल्स सीलिंगचं ओझरतं सांगतो. जिन्यावर ते करायचं असेल तर त्याची जाडी याच वजाबाकीत आत्ताच घाला.

भिंतीवर आखणी

गणित कागदावर जुळलं, तरी जिना मिस्त्रीच्या हातात जायच्या आधी भिंतीवर पूर्ण मापात आखलेला हवा. लेव्हल ट्यूब घ्या, खालच्या मजल्यावर तयार फरशीपासून एक मीटर उंचीची खूण चारी बाजूंनी फिरवा, आणि तशीच वरच्या मजल्यावरही. या दोन खुणांमधलं उभं अंतर तुमच्या तयार उंचीएवढं, म्हणजे 3025, यायला हवं. नाही आलं तर कुठेतरी स्लॅब वर-खाली झालाय. तेव्हा 3025 सोडून द्या आणि प्रत्यक्षात आलेल्या अंतराला 18 ने भागा.

मग रायझरच्या खुणा करायच्या, आणि इथे हातघाई नको. कामावर माप अजून इंच आणि सुतात बोललं जातं, एक सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग. 168 मिलिमीटर म्हणजे सहा इंच पाच सूत. मिस्त्री एक पायरी आखतो, तिच्यावर टेप ठेवून दुसरी, तिच्यावर तिसरी. प्रत्येक वेळी एक सूत जरी इकडे-तिकडे झालं तर अठरा पायऱ्यांत सव्वादोन इंच जमा होतात, आणि ते सगळे शेवटच्या पायरीच्या माथी येतात. याला उपाय जुनाच आहे. एक सरळ लाकडी पट्टी घ्या, तिच्यावर 168, 336, 504, 672 अशा खुणा एकाच टोकापासून करा, आणि ती पट्टी भिंतीला उभी लावून खुणा उतरवा. चूक झाली तरी तिथल्या तिथे राहते, पुढे सरकत जात नाही. शेवटच्या काही खुणा एखाद-दोन मिलिमीटर जुळवून घेता येतात. 168.06 चे ते अपूर्णांक असेच जिरतात.

कच्च्या पायऱ्या सारख्या नसतात

आमच्या आईच्या पायाखालची चूक इथली.

तयार पायऱ्या सगळ्या सारख्या हव्यात, म्हणून कच्च्या पायऱ्या सारख्या ओतायच्या नसतात. आपल्या पायऱ्यांवर 20 चा दगड आणि 20 चा मसाला मिळून 40 येणार आहेत. मधल्या लँडिंगवरही तेवढेच. पण खालच्या जमिनीवर 75 येणार आणि वरच्या मजल्यावर 50. म्हणून मधल्या सगळ्या पायऱ्यांची कच्ची उंची 168 च राहते, पण पहिली आणि शेवटची वेगळी:

```
पहिला कच्चा रायझर  = 168 + 75 − 40 = 203 मिमी
मधले कच्चे रायझर    = 168 मिमी
शेवटचा कच्चा रायझर = 168 + 40 − 50 = 158 मिमी
```

हे पाहून मिस्त्री म्हणेल, "साहेब, पहिली पायरी आठ इंचांची? लोक हसतील." समजावून सांगा आणि भिंतीवर तयार फरशीची रेष काढून दाखवा. ऐकलं नाही आणि त्याने 3050 चे अठरा सारखे भाग केले, तर प्रत्येक कच्चा रायझर 169 चा होईल. मग फरशा बसल्यावर पहिला तयार रायझर 134 उरेल, मधले 169, आणि शेवटचा 179. खालची पायरी बाकीच्यांपेक्षा 35 मिलिमीटरने, म्हणजे एक इंच तीन सुतांनी बुटकी.

एवढ्याशा फरकाने काय होतं? पहिल्या दोन-तीन पायऱ्यांतच पायाला उंची कळते आणि पुढे तो न बघता चालतो. पायरीच्या कडेवरून पाय जातो तो अगदी थोड्या अंतराने. चढताना एखादी पायरी दहा-बारा मिलिमीटरने जास्त निघाली तर चपलेचं टोक अडतं. उतरताना एखादी कमी निघाली तर जमीन वेळेआधी येते आणि गुडघ्याला हिसका बसतो, जास्त निघाली तर पाय क्षणभर हवेत राहतो. अमेरिकेच्या संहितेत एका फ्लाइटमधल्या सगळ्यात उंच आणि सगळ्यात बुटक्या रायझरमध्ये जास्तीत जास्त तीन सुतांचा, म्हणजे साधारण साडेनऊ मिलिमीटरचा फरक चालतो. मी लागून असलेल्या दोन पायऱ्यांत पाच मिलिमीटरच्या वर गेलो तर काम थांबवतो. सारखेपणा मला खुद्द मापापेक्षाही जास्त मोलाचा वाटतो. सगळ्या पायऱ्या 180 च्या असलेला जिना चालायला बरा, पण 165 च्या सतरा पायऱ्यांत एक 190 ची असलेला नको.

फरशी बसताना आणि बसल्यावर तपासणी

दगड बसवायला सुरुवात झाली की पट्टी पुन्हा काढा. प्रत्येक दगड बसला की तयार माथा भिंतीवरच्या खुणेशी ताडून बघा. मसाला कमी-जास्त करून तीन-चार मिलिमीटर तेव्हाच सुधारता येतात, दुसऱ्या दिवशी नाही. पायरीला पुढच्या बाजूला किंचित उतार देण्याची सवय काही जणांना असते. घरातल्या जिन्यात पायरी पाणसळीत सपाट हवी. पुढे उतरती पायरी ओल्या पायाला घसरवते.

काम पुरं झाल्यावर मोजायला दोन माणसं आणि अर्धा तास पुरतो. वरच्या पायरीच्या कडेवर सरळ पट्टी आडवी धरा, तिच्यावर पाणसळ ठेवा, आणि पट्टीच्या तळापासून खालच्या पायरीपर्यंत टेप लावा. प्रत्येक पायरीची उंची आणि कडेपासून कडेपर्यंतचा ट्रेड कागदावर उतरवत जा. पायरीच्या भिंतीकडच्या आणि कठड्याकडच्या अशा दोन्ही टोकांना मोजा, कारण एखादी पायरी आडवी कलली असेल तर मध्यावर ते सापडत नाही. हेडरूमसाठी 2100 लांबीची काठी कापून घ्या आणि बीमखाली येणाऱ्या पायऱ्यांच्या कडेवर उभी धरा. काठी कुठेही अडली की तिथे माणूसही अडणार.

मग पट्टी, टेप सगळं बाजूला ठेवा आणि रोजच्या वेगाने, हातात काहीतरी सामान घेऊन, पायांकडे न बघता दोनदा वर-खाली जा. पाय कुठे आदळला किंवा अडखळला तर तिथे टेप परत लावा. आकड्यांत ती पायरी तुम्हाला सापडेलच.

राहायला गेल्यावरचा धोका

बरोबर झालेला जिनासुद्धा नंतर बिघडवला जातो, आणि तो बहुतेक वेळा खालच्या मजल्याच्या नव्या फरशीने. जुन्या फरशीवरच नवी चिकटवली की जमीन 12 ते 20 मिलिमीटर वर येते आणि फक्त पहिला रायझर तेवढा कमी होतो. नूतनीकरणात फरशी बदलायची असेल तर पहिल्या रायझरकडे आधी बघा. जुनी फरशी काढून त्याच पातळीवर नवी बसवणं हा सरळ मार्ग. ते शक्य नसेल तर जिन्याच्या सगळ्या पायऱ्यांवर आणि वरच्या मजल्यावरही तेवढीच जाडी चढवावी लागते. फक्त पायऱ्यांवर चढवून वर सोडलं, तर चूक खालून उचलून शेवटच्या पायरीवर नेऊन ठेवल्यासारखं होतं. आणि सगळीकडे जाडी चढवली की बीमखालची काठी पुन्हा एकदा उभी करून बघा. खालची पायरी जेवढी वर आली, तेवढी हेडरूम कमी झालेली असते.

आमच्या घरात शेवटी खालच्या पायरीसमोरची फरशी उचलली. जिन्याला लागून साडेतीन फुटांचा पट्टा बेडसकट काढला आणि दीड इंच खाली बसवला. त्या पट्ट्याच्या पुढच्या कडेला एक बारकी पायरी उरली, ती दोन वर्षांनी सगळी खोली नव्याने बसवली तेव्हा गेली. पण पट्टा बसला त्याच संध्याकाळी आई बादली घेऊन खाली आली आणि काही न बोलता तशीच अंगणात निघून गेली.